ब्राऊन राईस की बासमती? जीआयचा आकडा नक्की कुठून येतो

शुगर निघाली की घरात पहिला सल्ला येतो "भात बंद कर", दुसरा येतो "ब्राऊन राईस आण", आणि मग एखादी मावशी म्हणते "अगं बासमती चालतो, त्याचा जीआय कमी असतो". मावशीचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे, पण का बरोबर आहे ते कळायला आधी हा जीआय, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो ते सांगणारा ग्लायसेमिक इंडेक्स, मोजतात कसा ते बघायला हवं, कारण तो तांदळात मोजतच नाहीत, खाणाऱ्याच्या रक्तात मोजतात.

1981 मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. दहाएक निरोगी माणसं घ्यायची, रात्रभर उपाशी ठेवायची आणि सकाळी त्यांना इतका भात द्यायचा की त्यातून पचणारं कार्बोहायड्रेट बरोबर 50 ग्रॅम मिळेल. म्हणजे साधारण 65 ग्रॅम कच्चा तांदूळ, शिजून तो 180 ग्रॅमच्या आसपास जातो. मग दोन तास बोटाला सुई टोचून शुगर बघत राहायचं, पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी आणि पुढच्या तासात दर अर्ध्या तासाने.

समजा एकाची उपाशीपोटी शुगर 85 होती आणि भात खाल्ल्यावर ती 105, 135, 140, 125, 105 आणि दोन तासांनी 90 अशी गेली. हे आकडे ग्राफवर मांडायचे आणि 85 च्या रेषेच्या वर जो डोंगर तयार होतो त्याचं क्षेत्रफळ काढायचं, ते येतं 3450. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच माणसाला 50 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजलं आणि त्याचा डोंगर 5000 चा आला, तर 3450 म्हणजे 5000 चे 69 टक्के, म्हणून त्या माणसापुरता त्या भाताचा जीआय 69. असे सगळ्यांचे आकडे काढून सरासरी घेतली की झाला त्या भाताचा जीआय. 55 किंवा त्याखाली असेल तर कमी, 70 किंवा वर असेल तर जास्त, मधलं सगळं मध्यम. आता एकाच माणसाचा डोंगरसुद्धा रोज वेगळा येतो, त्यामुळे 66 वाला तांदूळ 69 वाल्यापेक्षा चांगला वगैरे म्हणण्यात फार अर्थ नाही, फरक दहा-पंधराचा असेल तर मात्र लक्ष द्यावं.

तांदळातांदळात हा फरक पडतो तो मुख्यतः स्टार्चमुळे. तांदळाचा स्टार्च दोन प्रकारच्या साखळ्यांचा बनलेला असतो. अमायलोज म्हणजे लांब, जवळजवळ सरळ साखळी, आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्याच फांद्या फुटलेली साखळी. काटक्यांची मोळी कशी घट्ट बांधता येते पण बाभळीच्या फांद्यांची नाही बांधता येत, तसंच इथे होतं, अमायलोज जास्त असेल तर स्टार्चचे कण शिजताना कमी फुगतात आणि भात जरा निवला की त्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, मग पचवणाऱ्या एन्झाइमला आत शिरायला वेळ लागतो. अमायलोपेक्टिन मात्र पाणी पिऊन मस्त फुगतं आणि एन्झाइमला सगळीकडून मोकळं रान मिळतं. जपानी सुशीचा चिकट तांदूळ कमी अमायलोजचा. बासमतीत ते साधारण 20 ते 25 टक्के असतं, म्हणून शीत न् शीत सुटं राहतं, आणि बऱ्याच चाचण्यांमध्ये त्याचा जीआय 50 ते 60 च्या आसपास येतो.

पण मग मोकळा शिजतो तो तांदूळ चांगला असा नियम करून टाकायचा का? तर नाही, आणि इथे आपल्याकडचंच उदाहरण आहे. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने तीन तांदूळ तपासले होते, त्यात सोना मसुरी 72, पोन्नी 70 आणि आपल्या घराघरात शिजणारा सुरती कोलम 77. कोलम काही चिकट होत नाही, तरी सगळ्यात वर! म्हणजे अमायलोज हे मोठं कारण असलं तरी एकमेव नाही, किती पॉलिश केलाय, स्टार्च किती तापमानाला फुगतो, भात कसा शिजवला, हे सगळं त्यात येतं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने इतरांबरोबर 235 जातींचा अभ्यास केला तेव्हा जीआय 48 पासून 92 पर्यंत पसरलेला निघाला, आणि कमी जीआयवाल्यांत भारतात भरपूर पिकणारी स्वर्णा ही जातही होती, जिला कोणी डाएटवाला तांदूळ म्हणून ओळखत नाही.

आता ब्राऊन राईस, म्हणजे कोंडा न काढलेला तांदूळ. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्यांची सरासरी काढली तर उकळून शिजवलेल्या पांढऱ्या भाताचा जीआय 73 आणि ब्राऊनचा 68 येतो. फक्त पाच! एवढ्यासाठी दुप्पट पैसे आणि तासभर भिजत घालणं कशाला, असं वाटेल. पण ही सरासरी फसवी आहे, कारण दोन्ही बाजूंना कुठल्याही जाती एकत्र केलेल्या आहेत, चिकट जातीचा ब्राऊन आणि लांब दाण्याचा पांढरा अशी सरमिसळ. कोंड्याचा खरा परिणाम बघायचा तर एकाच जातीचा तांदूळ घेऊन फक्त पॉलिश बदलायला हवं.

चेन्नईच्याच संस्थेने हे उकड्या तांदळाच्या एका जातीवर करून बघितलं. अजिबात पॉलिश न केलेला आला सुमारे 58, पूर्ण पॉलिश केलेला जवळपास 80, आणि मजा म्हणजे जेमतेम वरवर पॉलिश केलेला, जो दिसायला अजून तपकिरीच असतो, तो थेट 73. थोडा कोंडा गेला तर जीआयही थोडाच वाढेल असं आपण धरून चालतो, पण तसं होत नाही. कोंड्याचा थर अख्खा असेपर्यंत पाणी आत सावकाश जातं, दाणा कमी फुगतो, आणि हा थर एकदा खरवडला की दाणा पाणी ओढून घेतो आणि आतला स्टार्च उघडा पडतो. म्हणून हातसडीचा म्हणून विकत घेतलेला तांदूळ भरभर शिजून मऊ होत असेल तर शंका घ्यावी. खरा ब्राऊन राईस अर्धा-पाऊण तास तरी घेतो आणि शिजल्यावरही दाताखाली जरा चिवट लागतो. थोडक्यात, ब्राऊन बासमतीची आणि पांढऱ्या कोलमची तुलना केली तर त्यातला किती फरक कोंड्याचा आणि किती जातीचा हे सांगताच येत नाही.

शिजवण्याचंही तेच. कुकरला दोन शिट्ट्या जास्त देऊन गुरगुट्या केला तर चांगल्या तांदळाचाही जीआय वर जातो. उलट रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवून सकाळी फोडणी दिली तर थोडा स्टार्च परत घट्ट होऊन न पचणारा होतो, तो फायदा छोटा आहे पण खरा आहे (भात बाहेर रात्रभर मात्र ठेवू नका, पोट बिघडवणारे जंतू त्यात आरामात वाढतात).

आणि हा सगळा आकडा नुसत्या भाताचा, तेही ठरलेल्या 50 ग्रॅम कार्बसाठी. वरण, तूप, मटकीची उसळ सोबत आली की डोंगर आपोआप बुटका होतो. ताटातल्या भाताचा खरा भार काढायचा तर जीआय गुणिले कार्बचे ग्रॅम भागिले शंभर. 77 वाल्या कोलमचा 180 ग्रॅम भात खाल्ला तर भार साधारण 38, आणि 57 वाला बासमती आहे म्हणून निर्धास्त होऊन दुप्पट वाढून घेतला तर 57.