३० आणि ६० अंशांचे दोन चेंडू

प्रक्षेप्य गती ॲनिमेशनमधून शिकवायची असेल तर बहुतेक जण ४५ अंशांपासून सुरुवात करतात, कारण त्या कोनात चेंडू सर्वांत लांब जातो. मला विचाराल तर खरी गंमत ३० आणि ६० अंशांच्या जोडीत आहे. दोन्ही चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सपाट जमिनीवरून एकाच क्षणी सोडायचे. एक बुटका, पसरट वक्र काढतो आणि ५.१ मीटर उंची गाठतो, तर दुसरा १५.३ मीटरपर्यंत चढतो. तरीही दोघेही ३५.३ मीटरवर, अगदी एकाच जागी पडतात.

वेगाचे आडवा आणि उभा असे दोन भाग केले की याचे कारण सापडते. ३० अंशांच्या चेंडूचा आडवा वेग १७.३ आणि उभा वेग १० असतो. ६० अंशांना हेच आकडे जागा बदलतात. चेंडू किती वेळ हवेत राहील हे फक्त उभा वेग ठरवतो आणि त्या वेळात तो किती पुढे सरकेल हे आडवा. म्हणजे पल्ला दोन्ही वेगांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, आणि गुणाकारात आकड्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येते. बेरीज ९० अंश होणाऱ्या कोणत्याही दोन कोनांचे असेच होते. २० आणि ७० घेऊन पाहा. ४५ अंशांच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असलेल्या कोनांचा पल्ला समान असतो, हे गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात दाखवले होते.

कागदावरच्या आकृतीत मात्र एक गोष्ट हरवते, ती म्हणजे वेळ. पहिला चेंडू २.०४ सेकंदांत खाली येतो, दुसऱ्याला ३.५३ सेकंद लागतात. म्हणून ॲनिमेशनमध्ये नुसती रेघ न काढता दर ०.२ सेकंदाला चेंडूच्या जागी एक ठिपका सोडावा. एका वक्रावर ठिपक्यांमधले आडवे अंतर शेवटपर्यंत सारखे राहते. ३० अंशांना ते सुमारे ३.५ मीटर असते, ६० अंशांना २ मीटर. उभे अंतर मात्र माथ्याकडे कमी होत जाते आणि उतारावर पुन्हा वाढते. आडवी चाल एकसारखी आणि उभी चाल सतत बदलती, त्यामुळेच मार्ग वाकतो आणि अन्वस्ताचा आकार घेतो. (दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखे ठेवा, नाहीतर ६० अंशांचा कोन पडद्यावर ६० चा दिसतच नाही.)

आता हे ॲनिमेशन स्वतः लिहायला बसलात तर बहुधा असे काहीतरी लिहाल:

```
x = x + vx*dt
y = y + vy*dt
vy = vy - g*dt
```

दिसायला निर्दोष. `dt` म्हणजे प्रत्येक पायरीचा वेळ, तो ०.१ सेकंद धरला तर वक्रही छान गुळगुळीत दिसतो. पण ३० अंशांचा चेंडू ३७.० मीटरवर पडतो आणि ६० अंशांचा ३६.३ वर. जोडी फुटली! चूक दुसऱ्या ओळीत आहे. त्या ०.१ सेकंदात उभा वेग कमी होत असतो, पण आपण पूर्ण पायरीभर सुरुवातीचाच वेग वापरतो. त्यामुळे चेंडू दर पायरीला किंचित जास्त वर जातो आणि एकूण बरोबर एक `dt` एवढा वेळ जास्त हवेत राहतो. त्या जादा वेळात ज्याचा आडवा वेग मोठा, तो जास्त पुढे सरकतो: पहिला १.७ मीटर, दुसरा १ मीटर.

उपाय सोपा आहे. दुसरी ओळ अशी लिहायची:

```
y = y + vy*dt - 0.5*g*dt*dt
```

यात पायरीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी आपोआप धरली जाते. गुरुत्वत्वरण स्थिर असेल तर `dt` कितीही मोठा घेतला तरी ठिपके खऱ्या वक्रावरच बसतात. एक बारकावा उरतो: चेंडू जमिनीला टेकतो तो क्षण बहुतेक वेळा दोन ठिपक्यांच्या मध्ये येतो. पहिला ऋण `y` दिसला की तिथेच पल्ला मोजणे चूक. मधला क्षण काढावाच लागतो.

हवेचा रोध धड्यात आणायचा असेल तर ही दुरुस्ती आधी करायलाच हवी. रोध असला की जोडी खरोखरच फुटते, आणि साधारणपणे ६० अंशांचा चेंडूच अलीकडे पडतो, कारण तो जास्त वेळ हवेत असतो. म्हणजे खोटी फूट आणि खरी फूट एकाच दिशेची! विद्यार्थी गणिताची चूक बिनदिक्कत हवेच्या खात्यावर टाकतील. दोन्हींत फरक करायचा तर `dt` निम्मा करून पुन्हा चालवा. रोध नसलेल्या वरच्या उदाहरणात ०.७ मीटरची फट लगेच निम्म्यावर येते. हवेमुळे पडलेली फट मात्र `dt` कितीही लहान केला तरी मिटत नाही.