त्रिमितीय मॉडेलमधील एकक व प्रमाणाची विसंगती

एका प्रोग्राममध्ये बनवलेले त्रिमितीय मॉडेल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडल्यावर अतिशय लहान किंवा अतिशय मोठे दिसणे, याला एककाची किंवा प्रमाणाची विसंगती म्हणतात. अशा वेळी मॉडेलचा आकार बिघडलेला नसतो. फाइलमध्ये प्रत्येक बिंदूचे स्थान नुसत्या आकड्यांनी लिहिलेले असते आणि तो आकडा मीटरचा, सेंटीमीटरचा की मिलिमीटरचा, हे दोन प्रोग्रामांनी वेगवेगळे गृहीत धरलेले असते. ब्लेंडर आणि युनिटी यांत १ एकक म्हणजे १ मीटर धरले जाते, अनरियल इंजिनमध्ये ते १ सेंटीमीटर असते, तर त्रिमितीय छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणारे स्लायसर प्रोग्राम बहुधा मिलिमीटर धरतात.

एसटीएल आणि ओबीजे या फाइलप्रकारांत एकक नोंदवण्याची प्रमाणित सोयच नाही, त्यामुळे विसंगतीची सर्वाधिक उदाहरणे याच दोहोंत आढळतात. ब्लेंडरमध्ये ८० मिलिमीटर उंचीचा मोबाइल स्टँड बनवून तो ओबीजेत निर्यात केला, तर त्याच्या वरच्या कोपऱ्याची ओळ साधारण अशी दिसते:

```
v 0.03 0.08 0.02
```

येथील 0.08 हा आकडा ब्लेंडरच्या दृष्टीने ०.०८ मीटर आहे. स्लायसर मात्र तो ०.०८ मिलिमीटर असा वाचतो आणि स्टँड छपाईच्या पाटावर दिसेनासा होतो. काही स्लायसर असे मॉडेल ओळखून ते मीटरमधून बदलावे का, असे विचारतात. पण तो केवळ आकारावरून बांधलेला अंदाज असल्याने, उत्तर देण्यापूर्वी खरे माप माहीत असणे आवश्यक आहे.

निदानासाठी ज्याचे खरे माप ठाऊक आहे असा एखादा भाग मोजावा आणि अपेक्षित मापाला दिसणाऱ्या मापाने भागावे. वरील उदाहरणात ८० भागिले ०.०८ म्हणजे १००० येतात, म्हणजे गोंधळ मीटर आणि मिलिमीटर यांच्यात आहे. भागाकार १०० आल्यास मीटर व सेंटीमीटर, १० आल्यास सेंटीमीटर व मिलिमीटर, आणि २५.४ आल्यास इंच व मिलिमीटर यांची अदलाबदल झालेली असते. मॉडेल मोठे झाले असेल, तर याच संख्यांचे व्यस्त येतात, उदाहरणार्थ ०.००१. यांपैकी कोणत्याही संख्येशी जुळत नसलेला भागाकार आला, जसे की १.३७, तर कारण एककात नसून कोणीतरी मॉडेल हाताने ताणलेले असण्याचा संभव अधिक असतो.

स्टँडच्या बाबतीत सर्वांत सरळ उपाय म्हणजे ब्लेंडरमधून निर्यात करतानाच `Scale` मध्ये 1000 लिहिणे. `Length` ची निवड `Millimeters` केल्याने मात्र काहीच साधत नाही, कारण तीमुळे पडद्यावरील मापाचे लेबल तेवढे बदलते, फाइलमध्ये जाणारा आकडा तोच राहतो. सर्व काम छपाईसाठीच असेल, तर आरंभीच `Unit Scale` 0.001 ठेवून १ एकक म्हणजे १ मिलिमीटर करून घ्यावे. ही नोंद मध्येच बदलली, तर आधीच्या वस्तूंचे आकडे तसेच राहून त्यांची दाखवलेली मापे हजारपट घटतात, म्हणून त्या वस्तू हजारपट मोठ्या करून `Ctrl+A` द्वारे `Scale` लागू करावे लागते.

एफबीएक्स फाइलमध्ये एककाची नोंद असते, तरीही ब्लेंडरमधून युनिटीत जाताना वेगळ्या प्रकारची अडचण येते. ब्लेंडरच्या निर्यातीत `Apply Scalings` ची मूळ निवड `All Local` असते आणि तिच्यामुळे मीटर व सेंटीमीटर यांच्यातील शंभरपटीचा फरक प्रत्येक वस्तूच्या स्केलमध्ये भरला जातो. मॉडेल युनिटीत योग्य मापाचे दिसते, पण त्याचे स्केल १ ऐवजी १०० असते, आणि त्या वस्तूला जोडलेली दुसरी वस्तू शंभरपट फुगते. `FBX Units Scale` निवडल्यास हा फरक फाइलच्या एककाच्या नोंदीत जातो आणि स्केल १ राहते.

सांगाडा व हालचाल असलेल्या पात्राच्या बाबतीत आयातीनंतर स्केल बदलून ते लागू करणे टाळावे, असेच म्हणावे लागेल. ब्लेंडरमध्ये सांगाड्याला स्केल लागू केल्यावर हाडांची लांबी बदलते, पण हालचालीच्या कीफ्रेममध्ये नोंदलेली हाडांची स्थानांतरे जुन्याच मापाची राहतात. परिणामी पात्र चालताना कंबर अवाजवी उसळते किंवा पाय जमिनीवरून घसरतात. अशी फाइल पुन्हा आयात करून आयातीच्याच वेळी योग्य प्रमाण द्यावे.

आयातीनंतर पडदा रिकामा दिसला, म्हणजे आयात फसली असे नव्हे. ब्लेंडरमध्ये `Home` कळ दाबल्यास दृश्य सर्व वस्तूंना सामावून घेते. मॉडेल फार मोठे असेल, तर ते `Clip End` या मर्यादेपलीकडे जाऊन कापले जाते. जीएलटीएफमध्ये मीटर हेच एकक ठरलेले असते आणि थ्रीएमएफ फाइलमध्ये एकक नोंदवता येते, त्यामुळे दोन्ही प्रोग्राम हे प्रकार वाचू शकत असतील, तर एसटीएलपेक्षा त्यांना प्राधान्य द्यावे.