'गुस्तार'ची गाळलेली जागा: आवडणारी वस्तू कर्ता कशी झाली

स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गात गाळलेल्या जागांचा एक स्वाध्याय हमखास येतो. 'आ मी मे ____ लास पेलीकुलास', म्हणजे 'मला सिनेमे ____'. सोबत 'गुस्तार' हे क्रियापद दिलेलं असतं आणि अपेक्षित उत्तर असतं 'गुस्तान'. ज्याला आवडतं ती व्यक्ती एकच, तरी क्रियापद अनेकवचनी, कारण ते सिनेम्यांप्रमाणे बदलतं. सिनेमा एकच असेल तर 'गुस्ता'. व्याकरणाच्या हिशेबात कर्ता सिनेमा आहे. ज्याला आवडतं तो माणूस 'मे' (मला), 'ते' (तुला), 'ले' (त्याला, तिला), 'लेस' (त्यांना) अशा रूपांत बाजूला उभा असतो.

इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत ही रचना 'उलटी' म्हणून शिकवली जाते. मराठी वाचकाला त्यात उलटं काही दिसायचं कारण नाही. 'मला सिनेमे आवडतात', 'मला तू आवडतोस' या वाक्यांत आपणही क्रियापद आवडणाऱ्या गोष्टीप्रमाणेच फिरवतो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तर नियमही आठवेल: रुच् धातूच्या योगात चतुर्थी. पाणिनीचं 'रुच्यर्थानां प्रीयमाणः' हे सूत्र तेच सांगतं, आणि त्याचं जुनं उदाहरण आहे 'देवदत्ताय रोचते मोदकः'. मोदक कर्ता, देवदत्त चतुर्थीत.

लॅटिनमध्येही असंच होतं. आवडण्यासाठी 'प्लाकेरे' हे क्रियापद होतं आणि 'मला पसंत आहे' हे 'मिही प्लाकेत' असं म्हणत. त्यातला 'मिही' चतुर्थीचा. यातूनच स्पॅनिशचं 'प्लासेर' आलं. 'कांतार दे मिओ सिद' या मध्ययुगीन वीरकाव्यात 'प्लोगो आ मिओ सिद' असा प्रयोग आहे, म्हणजे 'माझ्या सिदला आनंद झाला'. हे काव्य आपल्यापर्यंत पोचलं ते एकाच हस्तलिखितातून, आणि त्याच्या शेवटी दिलेलं साल 1207 असं वाचलं जातं. म्हणजे 'मला आवडतं' ही घडण स्पॅनिशमध्ये सुरुवातीपासून होती. फक्त 'गुस्तार' त्या घडणीत नव्हतं.

'गुस्तार'चं मूळ लॅटिनच्या 'गुस्तारे'त आहे आणि त्याचा अर्थ 'चव घेणं'. चव घेणारा माणूस साहजिकच कर्ता. जुन्या स्पॅनिशमध्येही क्रियापद असंच चाले. मग चाखण्यापासून अर्थ सरकत 'रस घेणं, आनंद घेणं' इथवर आला, आणि 'गुस्तार दे' हा प्रयोग रुळला: माणूस कर्ता आणि आवडीच्या गोष्टीआधी 'दे' हे अव्यय. 16व्या-17व्या शतकातल्या गद्यात तो सर्रास भेटतो. शेजारच्या पोर्तुगीजने तर तोच कायम ठेवला. गोव्यात ज्या पिढ्या पोर्तुगीज शिकल्या, त्यांच्या कानावर 'गोस्तु द काफे' असंच पडलं असणार. त्यात 'मी' कर्ता आहे. दोन सख्ख्या भाषा, एकच क्रियापद, आणि कर्ता मात्र वेगळा.

स्पॅनिशमध्ये 17व्या शतकाच्या सुमारास 'मे गुस्ता' दिसू लागतं आणि पुढच्या दोन शतकांत तेच नेहमीचं होतं. 'प्लासेर', 'आग्रादार' ही जवळच्या अर्थाची क्रियापदं चतुर्थीच्या घडणीत आधीपासून चालत होती. अर्थाने त्यांच्या जवळ गेलेलं 'गुस्तार' रचनेनेही त्यांच्यात सामील झालं. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण 'प्लासेर'ची रूपं फार वेडीवाकडी होती ('प्लोगो', पुढे 'प्लुगो'), तर 'गुस्तार' अगदी नियमित चालतं. आज 'प्लासेर' रोजच्या बोलण्यात नामापुरतंच, म्हणजे 'आनंद' या अर्थी उरलं आहे. 'गुस्तार'ची जुनी चाल मात्र पुरती गेलेली नाही. जेवताना कुणी आलं तर 'उस्तेद गुस्ता?' असं अगत्याने विचारतात. त्यात माणूसच कर्ता आहे.

याच क्रियेत इंग्रजी नेमकी उलट दिशेने गेली. जुन्या इंग्रजीत 'लाइक'चा पूर्वज चतुर्थीच घेई. भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी हा बदल समजावताना दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: 'राजाला नाशपाती आवडल्या' या अर्थाच्या जुन्या वाक्यात राजा चतुर्थीत होता आणि क्रियापद नाशपातींप्रमाणे अनेकवचनी. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले, भूतकाळातला एकवचन-अनेकवचनाचा फरकही गेला, आणि 'द किंग लाइक्ड पेअर्स' या वाक्यात राजा कर्ता नाही असं सांगणारी एकही खूण उरली नाही. क्रियापदाच्या आधी आलेला राजा मग कर्ता म्हणूनच वाचला जाऊ लागला. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मधला राजा अजून 'इट लाइक्स अस वेल' असं जुन्या चालीने बोलतो.

'गुस्तार' उलटं वाटतं ते या बदलानंतरच्या इंग्रजीतून पाहिल्यावर. हा स्वाध्यायही मुख्यतः इंग्रजी भाषकांच्या अडचणीसाठी घडला आहे. त्यांची ठरलेली चूक 'यो गुस्तो' ही, म्हणजे 'मी' कर्ता धरून बनवलेलं रूप. इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकणारे मराठी विद्यार्थीही हीच चूक करतात. आधी 'आय लाइक' आठवायचं आणि मग भाषांतर करायचं, या वळशामुळे ती होते. 'मला' पासून सुरुवात केली तर ती होत नाही.

मराठीतून थेट जाणाऱ्याच्या अडचणी निराळ्या. समजा वाक्य आहे 'आ मिस एर्मानोस ____ ____ ला मूसिका', 'माझ्या भावांना संगीत ____'. पहिल्या जागेसाठी भाऊ पाहायचे: अनेक आहेत, म्हणून 'लेस'. दुसरीसाठी संगीत पाहायचं: एकवचन, म्हणून 'गुस्ता'. 'लेस गुस्तान' लिहिलं असेल तर भावांचं अनेकवचन क्रियापदात शिरलं हे ओळखावं. मराठी माणूस बहुतेक पहिल्या जागेवर अडतो. 'भावांना' एकदा म्हटल्यावर आपल्याला आणखी 'त्यांना' लागत नाही, स्पॅनिशला लागतं. 'आ मिस एर्मानोस' म्हणूनही 'लेस' गाळता येत नाही. गंमत अशी की 'प्लोगो आ मिओ सिद' मध्ये हे जादा सर्वनाम नाही. ती सक्ती नंतरची आहे, आणि आपली सवय इथे जुन्या स्पॅनिशशी जुळते.

'ला मूसिका' मधलं 'ला' हे उपपदही आपल्याकडून सुटतं, कारण मराठीत तशी सोय नाही. आवडणारी गोष्ट एखादी क्रिया असेल तर क्रियापद एकवचनीच राहतं, क्रिया दोन असल्या तरी: 'आ आना ले गुस्ता कांतार इ बाइलार', आनाला गायला आणि नाचायला आवडतं. इथे मराठीचं 'आवडतं' बरोबर वाट दाखवतं.

याच स्वाध्यायात पुढे 'दोलेर' (दुखणं) येतं आणि तिथे मराठी चाल थोडी फसवते. 'माझे पाय दुखतात' मध्ये आपण 'माझे' म्हणतो. स्पॅनिश म्हणते 'मे दुएलेन लोस पिएस', शब्दशः 'मला पाय दुखतात'. क्रियापद दोन्हीकडे पायांप्रमाणेच चालतं, पण पाय कुणाचे हे तिथे 'मे'च सांगतं. म्हणून 'मिस पिएस' न लिहिता 'लोस पिएस' लिहायचं.