ठिबकच्या नळीतला चुना आणि विद्राव्यता गुणाकार

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेत ठिबकची जुनी नळी कापून पाहिली, तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरट, खरखरीत थर पुष्कळदा आढळतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच बुडबुडे उठले, तर तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आहे असे समजावे. हा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही असे आपण शाळेत शिकतो. मग विहिरीतून किंवा बोअरमधून तो पाण्याबरोबर नळीत येतोच कसा? विद्राव्यता गुणाकाराच्या साध्या गणिताने या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते आणि उरलेले अर्धे ते गणित जिथे अपुरे पडते तिथे मिळते.

अल्पविद्राव्य क्षाराचे संपृक्त द्रावण तयार झाले की त्यातील आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरावीक तापमानाला स्थिर राहतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या कॅल्साइट या रूपासाठी २५ अंश सेल्सिअसला तो असा आहे:

Ksp = [Ca²⁺][CO₃²⁻] = 3.36 × 10⁻⁹

शुद्ध पाण्यात एका लिटरमध्ये s मोल क्षार विरघळला, तर दोन्ही आयन s एवढेच तयार होतील असे धरू. मग मोलर विद्राव्यता काढण्यासाठी केवळ वर्गमूळ घ्यावे लागते:

s² = 3.36 × 10⁻⁹, म्हणून s = 5.8 × 10⁻⁵ mol/L

या क्षाराचे मोलर वस्तुमान सुमारे १०० ग्रॅम असल्याने ही विद्राव्यता लिटरमागे जेमतेम ५.८ मिलिग्रॅम भरते. पाण्यात दुसऱ्या एखाद्या क्षारातून आलेले कॅल्शियम आधीच असेल, तर ती आणखी घटते. समजा, ते लिटरमागे ४० मिलिग्रॅम, म्हणजे 0.001 मोल आहे. तेव्हा s × 0.001 = 3.36 × 10⁻⁹ असे मांडता येते आणि उत्तर लिटरमागे ०.३४ मिलिग्रॅमच्या आसपास येते. येथे (0.001 + s) ऐवजी 0.001 घेतले आहे. उत्तर त्याच्या तुलनेत नगण्य निघाल्यामुळे ही सूट योग्य ठरते, मात्र ती तपासूनच घ्यावी.

प्रत्यक्षात कठीण भूजलात याच्या कितीतरी पट चुना विरघळलेला असतो. त्यामुळे विद्राव्यता गुणाकार खोटा ठरत नाही. चुकते ते आपले गृहीतक. विरघळलेला कार्बोनेट आयन कार्बोनेट म्हणूनच राहतो असे आपण धरले होते, पण जमिनीत मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि कार्बोनेटचे बायकार्बोनेट करतो. गुणाकारात मोजला जातो तो फक्त मोकळा कार्बोनेट आयन. तो सतत कमी होत गेल्याने तोल साधण्यासाठी आणखी चुना विरघळत राहतो:

CaCO₃ + CO₂ + H₂O ⇌ Ca²⁺ + 2HCO₃⁻

या अभिक्रियेत s मोल चुन्यामागे 2s मोल बायकार्बोनेट तयार होते. त्यातला कार्बोनेटचा अंश कार्बोनिक आम्लाच्या दुसऱ्या विचरण स्थिरांकावरून (K₂ = 4.7 × 10⁻¹¹) काढता येतो. तो 2s × K₂/[H⁺] इतका येतो. हे मूळ समीकरणात घातले की

s² = Ksp × [H⁺] / (2K₂)

पीएच ७ असताना [H⁺] = 10⁻⁷ ठेवले, तर s सुमारे 1.9 × 10⁻³ mol/L मिळतो, म्हणजे लिटरमागे १९० मिलिग्रॅमच्या जवळपास. पहिल्या उत्तरापेक्षा हे तीसपटींहून जास्त आहे आणि तरीही Ksp तोच आहे.

आता हे पाणी पंपाने वर येते, टाकीत किंवा ड्रिपरच्या तोंडाशी हवेला लागते आणि त्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हवेशी पूर्ण तोल साधला, तर पीएच ८.३ च्या आसपास जातो आणि याच सूत्राने विद्राव्यता लिटरमागे सुमारे ४२ मिलिग्रॅमवर येते. उरलेले जवळजवळ दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आता अवक्षेप म्हणून खाली बसू शकते. ही वरची मर्यादा झाली. नळीत सगळा वायू सुटत नाही, स्फटिक तयार व्हायला वेळ लागतो आणि पाणी काही काळ अतिसंपृक्तही राहते, म्हणून प्रत्यक्ष थर यापेक्षा बराच कमी बसतो. उन्हाळ्यात मात्र काळी नळी तापते, आणि बहुतेक क्षारांच्या उलट कॅल्साइटची विद्राव्यता तापमानाबरोबर कमी होत असल्याने थर धरण्याची प्रवृत्ती वाढते.

या आकड्यांत आणखी एक त्रुटी आहे. पाण्यातील इतर आयनांमुळे कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची परिणामकारक संहती प्रत्यक्ष संहतीपेक्षा कमी भरते, म्हणून खरी विद्राव्यता आपल्या उत्तरापेक्षा थोडी जास्त असते. नेमके उत्तर हवे असेल, तर पाणी तपासणीच्या अहवालातील कॅल्शियम, बायकार्बोनेट, पीएच आणि एकूण विद्राव्य क्षार हे चारही आकडे लागतात. नुसत्या कठीणपणाच्या आकड्यावरून थर बसेल की नाही हे सांगता येत नाही. पीएच मात्र पाणी उपसताच मोजावा, कारण बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत वायू उडून तो चढलेला असतो आणि आपले s [H⁺] च्या वर्गमुळाशी बांधलेले आहे.