बिअरमधला शेवटचा अर्धा टक्का

अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० अंशांना. म्हणजे बिअर थोडी तापवली की अल्कोहोल उडून जाणार आणि बाटलीत अल्कोहोल नसलेली निर्धोक बिअर उरणार, असा हिशेब बरेच जण करतात. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात घातलेल्या वाईनमधलं सुमारे ३५ टक्के अल्कोहोल अर्धा तास शिजवल्यावरही शिल्लक असतं, आणि अडीच तासांनीही ५ टक्के उरतं.

पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळले की ते आपापल्या तापमानाला वेगवेगळे उकळत नाहीत. मिश्रण उकळतं ते एकत्रच, फक्त वाफेत अल्कोहोलचं प्रमाण द्रवापेक्षा जास्त असतं. बिअरसारख्या पातळ द्रावणात ते साधारण दहापट असतं. हे ऐकायला फार वाटतं, पण पुढे बघा. साध्या भांड्यात ५ टक्क्यांची बिअर उकळत ठेवली आणि द्रवाचा सुमारे चौदावा हिस्सा वाफ होऊन गेला की अल्कोहोल निम्मं, म्हणजे २.५ टक्के होतं. पुन्हा तेवढाच हिस्सा घालवला की १.२५, मग ०.६, मग ०.३. दर खेपेला किंमत तीच, पण हाती लागणारं अल्कोहोल निम्मं. निम्म्याचं निम्मं करत राहिलात तर शून्य कधीच येत नाही.

कारखान्यात हवेचा दाब कमी करून ३०-४० अंशांनाच उकळवतात आणि उंच स्तंभांत ही क्रिया अनेक टप्प्यांत करतात, त्यामुळे वाया जाणारं पाणी बरंच वाचतं. खरी अडचण वासाची आहे. बिअर-वाईनचा सुगंध देणारी एस्टर नावाची संयुगं अल्कोहोलच्याही आधी पळतात. म्हणून वाईनच्या बाबतीत फिरत्या शंकूंच्या स्तंभात आधी सुगंध वेगळा काढून ठेवतात, मग अल्कोहोल काढतात आणि शेवटी सुगंध परत मिसळतात. गंमत अशी की काढलेला तो सुगंध अल्कोहोलमध्येच विरघळलेला असतो, त्यामुळे चव परत आली की थोडं अल्कोहोलही परत येतं.

अमेरिकेत ०.५ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या बिअरवर ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिता येतं. ‘०.०’ छापलेल्या बाटलीवर दशांशाची दुसरी जागा दाखवलेलीच नसते, तेव्हा ०.०४ टक्केही त्यात बसू शकतात. लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असं कॅनडातल्या २०१० च्या एका तपासणीत दिसलं. ४५ पेयांपैकी १३ मध्ये लिहिल्यापेक्षा जास्त अल्कोहोल निघालं आणि शून्याचा दावा करणाऱ्या सहा पेयांत तर १ टक्क्याहूनही जास्त.

आता शरीराचा हिशेब. ०.५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये जेमतेम १.३ ग्रॅम अल्कोहोल असतं. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये १३. प्रौढ माणसाचं यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं, म्हणजे ०.५ टक्क्यांच्या बाटलीचं काम साधारण दहा मिनिटांचं आहे. नशा चढणं शक्य नाही.

गर्भाचं गणित मात्र वेगळं आहे. अल्कोहोल वारेतून सहज पार होतं, पण ते मोडणारी विकरं गर्भाच्या यकृतात फार कमी असतात. शिवाय ते गर्भजलात उतरतं आणि गर्भ ते पुन्हा गिळतो. गरोदरपणात अल्कोहोलची अमुक मात्रा सुरक्षित, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. एका ०.५ टक्क्याच्या बाटलीने इजा झाल्याचा पुरावा नाही, हेही तितकंच खरं. तरी लेबलचा भरवसा नसताना रोज तीन-चार बाटल्या रिचवणं मी तरी सुचवणार नाही. घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, ०.० ची, आणि बंद बाटलीतली. नळावरून दिलेल्या ग्लासात आधीच्या बिअरचे अवशेष असू शकतात, आणि अल्कोहोल नसल्याने अशा बिअरमध्ये जंतूही सहज वाढतात.

व्यसनमुक्तीत ग्रॅमचा हिशेब जवळपास निरुपयोगी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठात ४९ पुरुषांच्या मेंदूचं चित्रण करताना त्यांच्या तोंडात बिअरचे फक्त १५ मिलिलिटर पाव तासात थोडे थोडे सोडले. रक्तात अल्कोहोल चढण्याचा प्रश्नच नव्हता, पण चवीनेच ओढ लावणारं मेंदूतलं रसायन डोपामीन वाढलं, आणि घरात दारूचं व्यसन असलेल्यांत ते जास्त वाढलं. ‘यात दारू नाहीच, मग प्यायला काय हरकत’ हे जाहिरातीचं वाक्य इथे लागू पडत नाही, कारण ओढ लावायला चव, फेस आणि बाटली पुरेशी असते. काही जणांना हा पर्याय मदतही करतो, पण नुकतीच दारू सोडलेल्यांनी तो समुपदेशकाला विचारल्याशिवाय आजमावू नये. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर विषयच संपला: ती अल्कोहोलपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड पुढे मोडू देत नाही, त्यामुळे किरकोळ मात्रेनेही चेहरा लाल होणं, धडधड आणि उलट्या होऊ शकतात.