लॅक्ट्युलोजचा पहिला आठवडा

मलावरोधासाठी लॅक्ट्युलोजचं सिरप सुरू केलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येते. पोट अजून साफ झालेलं नसतं, उलट गच्च झालेलं असतं. आत गुडगुड चालू असते आणि वारा सारखा सरत असतो. ‘हे औषध मला मानवत नाही’ असं ठरवून बाटली कपाटात जाते. वाईट याचंच वाटतं, की औषधाचं काम नुकतं सुरू झालेलं असतानाच ते थांबवलं जातं. हा गॅस औषधाच्या कामाचाच एक भाग आहे. तो कुठून येतो हे कळलं, की त्याला आवरायचं कसं हेही बरंचसं उलगडतं.

लॅक्ट्युलोज ही एक साखर आहे. दुधातल्या लॅक्टोज या साखरेवर प्रक्रिया करून ती तयार करतात. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज या दोन छोट्या साखरा एकमेकींना जोडल्या, की लॅक्ट्युलोजचा रेणू होतो. तो जोड तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे इतर साखरांसारखी ही साखर फुटत नाही, रक्तातही जवळपास जात नाही, आणि घेतली तशी मोठ्या आतड्यापर्यंत पोचते. सिरप चवीला गोडमिट्ट असलं, तरी त्यातला मुख्य घटक शरीराला साखर म्हणून वापरता येत नाही.

मोठ्या आतड्याचं एक मोठं काम म्हणजे पाणी शोषून घेणं. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव तिथे येतो. त्यातलं जवळपास सगळं पाणी परत रक्तात जातं आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर बाहेर पडतं. नेहमीच्या मऊ मलात पाऊण भाग पाणीच असतं. मल आतड्यात रेंगाळला, की शोषण चालूच राहतं आणि त्याचे खडे होतात. म्हणजे मऊ मल आणि खडा यांच्यात फरक पडतो तो थोड्याशा पाण्याचा.

लॅक्ट्युलोज नेमकं तिथे कामी येतं. न शोषली गेलेली साखर आपल्याभोवती पाणी धरून ठेवते, कारण आतड्यातला द्रव आणि रक्त यांची संहती, म्हणजे त्यांत विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, सारखी राखायचा शरीराचा प्रयत्न असतो. हिशोब सोपा आहे. १५ मिलिलिटर सिरपमध्ये सुमारे १० ग्रॅम लॅक्ट्युलोज असतं. रक्ताइतक्याच संहतीला एवढी साखर साधारण १०० मिलिलिटर पाणी आतड्यात अडवून ठेवू शकते. शौचावाटे रोज बाहेर पडणारं पाणी मुळात तेवढंच असतं, हे लक्षात घेतलं तर एका मापाची ताकद कळते.

पण हा हिशोब कागदावरचा आहे. मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि आपल्याला न पचलेली ही साखर त्यांना पचते. ते लॅक्ट्युलोज आंबवतात. त्यातून लॅक्टिक, ॲसेटिक अशी आम्लं तयार होतात आणि सोबत हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू. काही जणांच्या आतड्यात मिथेनही होतो. एका साखरेच्या रेणूपासून आम्लाचे अनेक रेणू होत असल्यामुळे पाणी ओढण्याची शक्ती काही काळ वाढते. आतड्याची हालचालही वाढते आणि वाढलेले जिवाणू स्वतःच मलाच्या आकारमानात भर घालतात. मात्र ही आम्लं आतड्याच्या भिंतीतून शोषली जातात आणि जाताना पाणीही बरोबर नेतात. म्हणून थोडी मात्रा घेतली तर बरीचशी साखर आंबून संपते, पाणी कमी उरतं आणि गॅस मात्र होतो. मात्रा वाढली, की जिवाणूंच्या तावडीतून साखर सुटू लागते आणि मल पातळ होत जातो.

माझ्या मते या औषधाबद्दल समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गॅस लगेच सुरू होतो आणि शौचाला मात्र वेळ लागतो. साखर एक-दोन तासांत मोठ्या आतड्यात पोचते, आंबणं तिथेच सुरू होतं आणि पोट फुगतं. पण आधीपासून साठलेला कोरडा मल भिजून पुढे सरकायला २४ ते ४८ तास लागतात, कधी त्याहून जास्तही. या मधल्या दीड-दोन दिवसांत त्रास जाणवतो आणि फायदा दिसत नाही. बाटली बंद होते ती नेमकी याच काळात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ५८ वर्षांच्या एका बाईंना रक्त कमी असल्यामुळे लोहाच्या गोळ्या चालू आहेत. चार-चार दिवस शौचाला होत नाही, झालंच तर सुटे कडक खडे, तेही कुंथून. डॉक्टरांनी १५ मिलिलिटर दिवसातून दोनदा सांगितलं. मोठ्या माणसांसाठी ही अगदी नेहमीची सुरुवातीची मात्रा आहे, पण म्हणजे पहिल्याच दिवशी २० ग्रॅम आंबणारी साखर. रात्री पोट फुगलं, दुसऱ्या दिवशी कळा आल्या, शौच मात्र नाही.

अशा वेळी बाटली बंद न करता डॉक्टरांना विचारून मात्रा खाली आणायची असते. बाईंनी रात्री एकदाच ७.५ मिलिलिटर, म्हणजे निम्मं माप घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी थोडं शौच झालं, कडकच, पण झालं. तीन-चार दिवस तीच मात्रा ठेवून मग सकाळ-संध्याकाळ ७.५ केली. आणखी चार दिवसांनी संध्याकाळची १५ केली. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर एकसंध, मऊ शौच जवळजवळ रोज होऊ लागलं. गॅस पुरता गेला नव्हता, पण दुखायचं थांबलं होतं. मात्रा तिथेच ठेवली. आणखी वाढवायचं कारण नव्हतं.

हळूहळू चढल्याने दोन गोष्टी साधतात. एक तर एका वेळी आंबायला मिळणारी साखर कमी होते, त्यामुळे वायूही एकदम न होता थोडा-थोडा होतो आणि त्यातला काही रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो. (श्वासातला हायड्रोजन मोजून पोटाच्या काही तपासण्या करतात, आणि त्यात रुग्णाला लॅक्ट्युलोजच प्यायला देतात.) दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. लॅक्ट्युलोज रोज मिळत राहिलं, की आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते. बायफिडोबॅक्टेरिया वाढतात, आणि हे जिवाणू साखर आंबवून आम्लं करतात पण हायड्रोजन करत नाहीत. त्यामुळे तेच औषध, तीच मात्रा, तरी आठवड्याभरात अनेकांचा गॅस कमी होतो. पण त्यासाठी औषध रोज घ्यावं लागतं. दोन दिवस घेतलं, तीन दिवस सोडलं, पुन्हा एकदम भरपूर घेतलं, असं केलं तर दर वेळी पहिल्या दिवसाचाच त्रास वाट्याला येतो.

गॅससाठी म्हणून आणखी काही सांगण्यासारखं आहे. लॅक्ट्युलोजच्या पहिल्या आठवड्यातच तंतूंची पावडर किंवा सॉर्बिटॉल असलेली साखरविरहित च्युइंगगम घेऊ नये, कारण तीही जिवाणूंचं खाद्य आहे आणि नेमका कशाचा गॅस झाला ते कळेनासं होतं. सिरप पाण्यात मिसळून घेतलं तरी चालतं, आणि दिवसभर पुरेसं पाणी प्यायला हवं. थोडं चाललं, की अडकलेला वारा सरायला मदत होते. सिमेथिकोनच्या गोळ्या बुडबुडे फोडतात, पण तयार होणारा वायू कमी करत नाहीत, म्हणून त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. कोलोनोस्कोपी ठरली असेल, तर लॅक्ट्युलोज चालू आहे हे आधी आवर्जून सांगावं. आतड्यात हायड्रोजन साठलेला असताना तिथे विजेच्या उपकरणाने जाळण्याची क्रिया केली तर ठिणगीने पेट घेण्याचा धोका असू शकतो, त्यामुळे आतडं आधी नीट स्वच्छ करून घेतात.

मात्रा बरोबर बसली का, हे दिवसांच्या हिशोबापेक्षा मलाच्या रूपावरून चांगलं कळतं. डॉक्टर त्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात, त्यात १ ते ७ असे प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुटे खडे आणि सातवा म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला चौथा हवा, गुळगुळीत आणि मऊ. सहाव्या-सातव्यावर गेलं तर मात्रा जास्त झाली आहे, ती कमी करायची. जुलाब होत असतानाही तेवढंच घेत राहिलं, तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते लवकर बाधतं.

एक फसवी परिस्थिती इथे ओळखता आली पाहिजे. कधी कधी गुदाशयात कडक मलाचा गोळा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी गळत राहतं. बघणाऱ्याला वाटतं जुलाब सुरू झाले, औषध लागू पडलं. खरं तर गोळा तिथेच असतो, वरून मात्र वायू साठत जातो आणि पोट ताठत जातं. जोर केला तरी काही येत नाही, गुदद्वाराशी सतत भरल्यासारखं वाटतं आणि कपड्यांना डाग पडतात. तेव्हा आधी डॉक्टरांकडून तो गोळा काढून घ्यावा लागतो, बहुधा एनिमा किंवा सपोझिटरीने. वरून लॅक्ट्युलोज वाढवत नेलं तर दुखणंच वाढतं. आणि शौच बंद, वाराही बंद, उलट्या व पोटात तीव्र कळा असं असेल, तर आतडं अडलं असण्याची शक्यता असते. तिथे हे सिरप अजिबात घ्यायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. मलात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, किंवा उतारवयात नव्यानेच सुरू झालेला मलावरोध, याचीही आधी तपासणी हवी.

गॅलॅक्टोसीमिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी लॅक्ट्युलोज घ्यायचं नाही, कारण सिरपमध्ये थोडं सुटं गॅलॅक्टोजही असतं. त्यात थोडं लॅक्टोजही असतं. नेहमीच्या मात्रेने मधुमेहींच्या साखरेत सहसा फारसा फरक पडत नाही, पण मात्रा मोठी असेल तर साखर तपासत राहावं.

मात्रा हळूहळू वाढवली, दोन आठवडे न चुकता घेतलं, तरी पोट फुगणं सोसवत नाही, असे लोक असतातच. विशेषतः ज्यांचं आतडं आधीच संवेदनशील आहे, त्यांना थोडा वायूही खूप दुखतो. त्यांनी सहन करत बसू नये. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मॅक्रोगॉलची पावडर, हीही आतड्यात पाणी धरून ठेवते, पण जिवाणूंना ती आंबवता येत नाही, म्हणून गॅस बराच कमी होतो. जुन्या मलावरोधात दोन्हींची तुलना केलेल्या अभ्यासांमध्ये एकूण कल मॅक्रोगॉलच्याच बाजूने आहे. लॅक्ट्युलोजने दोन आठवड्यांत जमलं नाही, तर डॉक्टरांना ‘मॅक्रोगॉल चालेल का’ असं सरळ विचारावं, आणि विचारताना आतापर्यंत किती मिलिलिटर, दिवसातून किती वेळा घेतलं आणि मल कोणत्या प्रकारचा होता हेही सांगावं.