काखेत पुरळ आलंय? आधी सोडा आणि तुरटी दोन्ही थांबवा

आमचा डिओ वापरणाऱ्या खान्देशातल्या सगळ्या ताई-दादांसाठी

गेल्या मे महिन्यात अमळनेरहून एका ताईंचा फोन आला. त्या शाळेत शिकवतात. "काखमा आग व्हई ऱ्हायनी," म्हणाल्या. मार्चपासून त्या आमचाच जुना खायच्या सोड्याचा डिओ वापरत होत्या आणि दोन महिने काहीच त्रास नव्हता. मग अचानक असं का झालं? आम्ही त्यांना डबी परत आणायला सांगितली. तळाशी बोट फिरवलं आणि कारण हाताला लागलं. तिथे बारीक रवाळ थर बसला होता.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो, तेव्हा कपाटातली डबीसुद्धा पातळ होते. सोडा तेलात विरघळत नाही, तो खाली बसतो. म्हणजे वरचा भाग सौम्य राहिला आणि ताई तळाशी पोचल्या तेव्हा बोटावर जवळजवळ नुसता सोडाच येत होता. चूक आमच्या बनावटीची होती, म्हणून ती डबी आम्ही बंद केली.

सोड्याने त्वचेला नेमकं काय होतं? निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५. सोड्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर जातो. रोज दोनदा तो लागत राहिला की त्वचेचं वरचं संरक्षक आवरण कमकुवत होतं. त्यात घाम आणि बाहीचं घासणं. म्हणूनच हे पुरळ पहिल्या दिवशी न येता कित्येकदा काही आठवड्यांनी येतं.

ताईंनी पुढे जे केलं ते बरेच जण करतात. घरात दाढीसाठी ठेवलेला तुरटीचा खडा ओला करून त्यांनी काखेत घासला. तुरटी सोड्याच्या उलट, चांगलीच आम्लधर्मी असते. धडधाकट त्वचेवर अनेकांना ती चालते, पण सोललेल्या किंवा नुकतेच केस काढलेल्या जागी झोंबते. खड्याला कंगोरा असेल तर ओरखडेही येतात. ताईंची काख दोन दिवसांत लालबुंद झाली. (तुरटीत ॲल्युमिनियम असतं, तेव्हा खड्यावर 'ॲल्युमिनियममुक्त' लिहिलेलं असेल तर ते खरं मानू नका.)

आम्ही त्यांना सांगितलं ते असं. सगळे डिओ, पावडर, अत्तर बंद. काख फक्त साध्या पाण्याने धुवायची, टॉवेलने टिपायची, घासायची नाही. रात्री बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. सैल सुती कपडे, आणि त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत केस काढायचे नाहीत. आठ-दहा दिवसांत त्यांची लाली गेली.

मेडिकलमधून खाजेचं मिश्र मलम मात्र स्वतःहून आणू नका. त्यातल्या अनेकांत तीव्र स्टिरॉइड असतं. काखेची त्वचा पातळ, त्याने ती आणखी विरळ होते, कायमचे चट्टे पडू शकतात आणि बुरशी असेल तर ती दबून पसरते. मोठ्या लालीच्या कडेबाहेर सुटे बारीक फोड दिसले तर बुरशीची शंका घ्या. पुरळ काखेच्या खोलगट भागाला सोडून फक्त कडेला, बाही घासते तिथे असेल, तर बहुधा दोष डिओचा नसून कापडाचा किंवा त्याच्या रंगाचा असतो. पाणी सुटलं, पू झाला, गाठ आली किंवा आठवड्यात उतार नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.

आता आमच्या नव्या डबीत सोडा नाही, तुरटी नाही, सुगंधी तेलही नाही. लॅव्हेंडर, टी ट्री यांची ॲलर्जी काहींना असते, आणि ती एकदा झाली की सहसा जात नाही. त्याऐवजी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आहे. तेही अल्कधर्मीच, पण पाण्यात फारच थोडं विरघळतं, त्यामुळे त्वचेला सोड्यापेक्षा कमी झोंबतं. जोडीला एरंडेलापासून बनणारं जिंक रिसिनोलिएट, ते वास धरून ठेवतं, आणि थोडं आरारूट. तेल वितळून दाणे खाली बसू नयेत म्हणून मेण वाढवलंय. तरीही डबी गॅलरीत किंवा गाडीत ठेवू नका.

घाम याने थांबणार नाही, फक्त वास कमी होईल. उन्हाळ्यात दुपारी काख धुऊन, कोरडी करून पुन्हा लावावं लागेल. एका काखेला हरभऱ्याएवढं पुरे. केस काढल्या रात्री लावू नका, सकाळी लावा.

आणि हेही सगळ्यांना चालेलच असं नाही. म्हणून नव्या डबीसोबत छोटी नमुना डबी देतो. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ सलग ७ दिवस लावा. खाज किंवा लाली आली तर तिथेच थांबा आणि मोठी डबी न उघडता परत आणा, पूर्ण पैसे परत मिळतील. जुनी सोड्याची डबी अजून घरात असेल तर ती अर्धी वापरलेली असली तरी घेऊन या, बदलून देऊ.